छपरावरची होडी: सरिअ‍ॅलिस्ट चित्रं आणि स्वप्नाचं व्याकरण

प्रश्न: सरिअ‍ॅलिस्टांनी फ्रॉइड वाचला आणि स्वप्नं रंगवली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण म्हणजे नक्की केलं काय? दोन न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की झालं का स्वप्नासारखं? स्वप्नाला स्वतःचं लॉजिक असतं म्हणतात, ते कोणतं?

उत्तर:

मी कोलाज आणि छापचित्रं करते आणि गेली बावीस वर्षं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवतेही आहे. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. 'स्वप्नं रंगवली' हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण पाहिलेलं स्वप्न जसंच्या तसं कागदावर उतरवणारे या मंडळींत फार थोडे होते. ज्यांची चित्रं आजही अंगावर येतात त्यांनी स्वप्न जे करतं ते केलं. हा फरक नीट कळावा म्हणून सुरुवात फ्रॉइडपासून करते, आणि पुढे मुख्यतः एकाच चित्रकारापाशी थांबते: माक्स एर्न्स्ट. दाली जास्त प्रसिद्ध आहे हे खरं, पण या प्रश्नाचं उत्तर एर्न्स्टकडे जास्त स्वच्छ सापडतं.

फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक 1899 च्या नोव्हेंबरात बाहेर आलं. प्रकाशकाने त्यावर साल मात्र 1900 छापलं. त्यात स्वप्न घडतं कसं हे सांगणारं एक लांबलचक प्रकरण आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच एक चित्रकोडं आहे. घराच्या छपरावर होडी, मध्येच वर्णमालेतलं एक अक्षर, आणि डोकं नसलेला एक धावणारा माणूस. फ्रॉइड म्हणतो, याकडे चित्र म्हणून पाहिलंत तर ते मूर्खपणाचं वाटेल. होडीचं छपरावर काय काम? डोकं नसलेला माणूस धावेल कसा? शिवाय माणूस घरापेक्षा मोठा. पण प्रत्येक तुकड्याच्या जागी एखादा शब्द किंवा शब्दाचा तुकडा ठेवून वाचलंत तर वाक्य निघेल. स्वप्न हे असंच कोडं आहे. आजवरच्या लोकांनी त्याला चित्र समजून पाहिलं म्हणून त्यांना ते निरर्थक वाटलं.

आता हे वर्णन डोळ्यांसमोर आणा: छपरावर होडी, बिनडोक्याचा धावता माणूस, घराहून मोठा. पंचवीस वर्षांनी पॅरिसच्या एखाद्या गॅलरीत टांगलं असतं तर कुणालाच नवल वाटलं नसतं. फ्रॉइडने जे करू नका म्हणून सांगितलं, नेमकं तेच सरिअ‍ॅलिस्टांनी केलं. त्यांनी कोडं सोडवलं नाही, त्याच्याकडे चित्र म्हणून पाहत राहिले. त्यांचं सगळं यश आणि फ्रॉइडचं त्यांच्याशी कधीच न जमणं, दोन्ही इथूनच निघतं.

आता लॉजिकचं. तुम्हीही असं स्वप्न पाहिलं असेल: घर आपलंच आहे, पण जिना शाळेचा आहे. समोर आत्या आहे, दिसते मात्र बँकेतल्या काउंटरवरच्या बाईसारखी, आणि तरीही ती आत्याच आहे याबद्दल तिळमात्र शंका नाही. जागेपणी आपण म्हणू, 'आत्या त्या बाईसारखी वागते.' स्वप्नाला 'सारखी' म्हणता येत नाही. त्याच्याकडे उपमा नाही, अव्ययं नाहीत. 'कारण', 'जर', 'किंवा', 'नाही' हे शब्दच त्याच्या भाषेत नाहीत. आहेत फक्त चित्रं. मग 'सारखी' म्हणायचं तर दोघींची मिळून एक बाई करायची. 'किंवा' म्हणायचं तर दोन्ही शक्यता एकदम खऱ्या म्हणून दाखवायच्या. 'यामुळे ते झालं' म्हणायचं तर एका चित्राचं डोळ्यांदेखत दुसरं होऊ द्यायचं.

फ्रॉइडचं स्वतःचं एक स्वप्न याचा उत्तम नमुना आहे. 1897 च्या वसंतात प्राध्यापकपदासाठी त्याचं नाव सुचवलं गेलं होतं. त्याचा एक मित्र, पुस्तकात ज्याला तो फक्त 'आर.' म्हणतो, त्याच पदासाठी बरीच वर्षं ताटकळत होता, आणि तो ज्यू आहे हेच त्याच्या अडण्याचं कारण असावं अशी चर्चा होती. फ्रॉइडही ज्यू. त्याच सुमारास एका रात्री स्वप्नात आर. हा त्याचा काका होता. चेहरा आर.चाच, पण उभट ताणलेला आणि भोवती ठळक पिवळी दाढी. काका जोसेफ पूर्वी पैशांच्या एका गैरव्यवहारात शिक्षा झालेला. फ्रॉइडचे वडील त्याला वाईट म्हणत नसत, भोळसट म्हणत. उलगडा असा: आर. भोळसट असेल तर तो अडला आहे त्याचं कारण धर्म नाही, भोळसटपणा आहे. म्हणजे माझी वाट मोकळी. एवढी नको ती इच्छा उघडपणे कोण मान्य करील? म्हणून दोन चेहरे एकावर एक छापले गेले. एकाच घराण्यातल्या लोकांचे फोटो इंग्रज शास्त्रज्ञ गॉल्टन एकाच काचेवर एकावर एक घेत असे, त्याच्याशी फ्रॉइडने या चेहऱ्याची तुलना केली आहे. जुळणाऱ्या रेषा गडद होतात, न जुळणाऱ्या पुसट. मराठी पाठ्यपुस्तकांत याला संक्षेपण म्हणतात.

दुसरी क्रिया विस्थापन. मनातली जी गोष्ट महत्त्वाची, तिच्यावरचा भार उचलून एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर ठेवायचा. भीती खरीच असते, फक्त पत्ता चुकीचा असतो. तिसरी गोष्ट मराठी माणसाला समजावणं फार सोपं आहे, कारण आपली भाषा त्या बाबतीत श्रीमंत. स्वप्न वाक्प्रचार शब्दशः घेतं. डोक्यावर मिरे वाटणं, पोटात गोळा येणं, पायाखालची जमीन सरकणं: जागेपणी या म्हणायच्या गोष्टी आहेत. स्वप्नात पाटा-वरवंटा खरंच डोक्यावर येतो. आणि चौथी, जाग येता येता चालणारी डागडुजी: तुटक तुकड्यांना जोडून त्यातून एक बरी गोष्ट झाल्याचा आव आणणं. फ्रॉइडने यालाही स्वप्नाचंच काम मानलं.

कच्चा माल कुठून येतो? बहुधा दोन ठिकाणांहून. आदल्या दिवशीची एखादी फुटकळ गोष्ट, आणि बालपणातलं काहीतरी जुनं. या दोन जागा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता पॅरिस. सरिअ‍ॅलिस्टांचा म्होरक्या कवी आंद्रे ब्रतों आधी वैद्यकीचा विद्यार्थी होता. 1916 मध्ये, युद्ध चालू असताना, त्याची नेमणूक साँ-दिझिए इथल्या मनोरुग्णांच्या लष्करी केंद्रात झाली आणि तिथे त्याला फ्रॉइडच्या कल्पना कळल्या, त्याही दुसऱ्यांनी फ्रेंचमध्ये केलेल्या सारांशांतून. जर्मन त्याला येत नव्हतं. स्वप्नांच्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर आलं 1926 मध्ये. म्हणजे 1924 च्या ऑक्टोबरात सरिअ‍ॅलिझमच्या ज्या जाहीरनाम्यात ब्रतोंने स्वप्नाच्या सर्वशक्तिमानतेची ग्वाही दिली, तो लिहिताना ते पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. मला हे गमतीचं वाटतं, पण त्यात हसण्यासारखं काही नाही; अर्धवट कळलेल्या कल्पनेने पूर्ण कळलेल्या कल्पनेपेक्षा जास्त काम केल्याची उदाहरणं कलेत भरपूर आहेत.

जाहीरनाम्यात सरिअ‍ॅलिझमची व्याख्या 'शुद्ध मानसिक स्वयंचलन' अशी आहे. बुद्धीचा लगाम सोडून हात चालू द्यायचा. यात फ्रॉइडइतकाच पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचा वारसा आहे. 'मानसिक स्वयंचलन' हा विषय त्याने 1889 मध्येच ग्रंथाला घेतला होता. लिहिताना ही रीत चालते, कारण शब्द एकामागून एक येतात आणि वेगाने लिहिलं तर मनातला पहारेकरी मागे पडतो. चित्रात अडचण झाली. आंद्रे मासोंची शाईची रेखाटनं खरंच तशी आहेत: रेघ भटकते, भटकता भटकता मासा, हात, स्तन दिसू लागतात. पण तैलचित्र? ते पूर्ण व्हायला दिवसच्या दिवस लागतात आणि तेवढा वेळ पहारेकरी झोपून राहत नाही. 1925 मध्ये पिएर नाव्हील या त्यांच्यातल्याच लेखकाने सरिअ‍ॅलिस्टांच्या मासिकात लिहिलं की सरिअ‍ॅलिस्ट चित्रकला असं काही नसतंच. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

या कोंडीतून वाट मिळाली ती एर्न्स्टमुळे, आणि ती त्याने कोंडी होण्याआधीच शोधली होती. जन्म 1891, कलोनजवळच्या ब्र्यूलमध्ये. बॉनच्या विद्यापीठात तो तत्त्वज्ञान, कलेतिहास, मानसशास्त्र शिकत होता, मनोरुग्णांनी केलेल्या वस्तू पाहून भारावला होता, आणि मुख्य म्हणजे फ्रॉइड त्याला मूळ जर्मनमध्ये वाचता येत होता. पुढे चार वर्षं तोफखान्यात काढली. आपण 1 ऑगस्ट 1914 ला मेलो आणि 11 नोव्हेंबर 1918 ला पुन्हा जिवंत झालो, असं तो लिहीत असे.

1919 मध्ये पावसाच्या एका दिवशी त्याच्या हाती शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणारा एक सचित्र कॅटलॉग आला. प्राणी, फर्निचर, सूक्ष्मदर्शकाखालचे नमुने, जीवाश्म, शरीराचे छेद, सगळं एकाच पुस्तकात खचाखच. त्याने नंतर सांगितलं की या वस्तू एकत्र पाहूनच भ्रम झाल्यासारखं वाटू लागलं. आपल्याला फक्त एखादी रेघ, एखादी जमीन, एखादं क्षितिज घालायचं उरलं होतं.

यातून 1920 च्या सुमारास झालेलं 'मालकाची झोपण्याची खोली' हे छोटंसं चित्र, साधारण वहीच्या पानाएवढं. प्रिंट समोर ठेवून बघा. तिरकस धावणाऱ्या फळ्यांची एक खोली. डावीकडे प्राणी: अस्वल, मेंढी, साप, मासा. उजवीकडे पलंग, टेबल आणि घरात काही कारण नसताना उगवलेलं झाड. पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं कापून चिकटवलंय. तसं नाही. यातली एकही वस्तू एर्न्स्टने त्या खोलीत आणून ठेवलेली नाही. त्या सगळ्या कॅटलॉगच्या पानावर, आहेत त्याच जागी, आधीपासून छापलेल्या होत्या. पानावर अशा कितीतरी वस्तू दाटीने होत्या. त्याने गुआश, म्हणजे आपल्या पोस्टर कलरसारखा अपारदर्शक रंग, घेतला आणि नको त्या वस्तू झाकून टाकल्या. उरलेल्यांच्या खाली फळ्यांच्या रेघा मारल्या. झालं. मूळ पान पुढे अभ्यासकांना सापडलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून काय गेलं आणि काय राहिलं ते बघता येतं.

आता वरच्या क्रिया याला लावून पाहा. छापील पान म्हणजे आदल्या दिवशीचा कचरा, कुणाच्याही मनात नसलेली फुटकळ गोष्ट. रंगाचा थर म्हणजे दडपणं. आणि दडपलेलं नाहीसं होत नाही, रंगाखाली ते अजूनही आहे. दूर जाणाऱ्या फळ्या म्हणजे ती शेवटची डागडुजी: 'ही एक खोली आहे' असा भरवसा देणारी. हा भरवसाच अस्वस्थ करतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तू आपापल्या प्रमाणात छापलेली असते, तिथे अस्वल पलंगापेक्षा लहान असलं तरी बिघडत नाही. एका जमिनीवर आणल्याबरोबर डोळा अंतराचा हिशोब करू लागतो आणि हिशोब काही केल्या लागत नाही. अस्वल दूर आहे की छोटं आहे? स्वप्नातल्या 'किंवा'प्रमाणे दोन्ही उत्तरं एकदम खरी. विसंगती वस्तूंच्या निवडीत कमी आहे, त्यांना जोडणाऱ्या जमिनीत जास्त आहे. तुमच्या प्रश्नातल्या 'दोन न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की झालं का' याला माझं उत्तर हेच. नुसतं शेजारी ठेवून काही होत नाही. त्यांना एकच जमीन द्यावी लागते, आणि ती जमीन खात्रीची दिसावी लागते.

पुढच्या वर्षी, 1921 मध्ये, हीच युक्ती त्याने तैलरंगात नेली. 'सेलेबीस' हे चित्र आता लंडनच्या टेटमध्ये आहे, सव्वा मीटर उंच. मधोमध करड्या हिरवट धातूचा एक प्रचंड गोलाकार प्राणी उभा आहे. बॉयलर म्हणा, रणगाडा म्हणा, हत्ती म्हणा. त्याला नळीसारखी सोंड आहे, पण सोंडेच्या टोकाला झालरीची कॉलर आणि शिंगं असलेलं डोकं आहे. मग हे तोंड का? तर मागच्या बाजूला सुळे दिसतात. म्हणजे खरं तोंड कदाचित पलीकडे आणि आपण पाठमोरं पाहतोय. आकाशात मासे पोहताहेत, दूरवर धुराचा लोट आहे. कोपऱ्यात हातमोजा घातलेली एक बिनडोक्याची नग्न बाई हात वर करून बोलावते आहे.

या प्राण्याचा आकार आला कुठून ते माहीत आहे. एका इंग्रजी मानववंशशास्त्रीय नियतकालिकात आफ्रिकेतल्या मातीच्या कणगीचा फोटो होता, खाली पाय असलेल्या. धान्य साठवायची कणगी! आपल्याकडे जुन्या घरांत असायची, तिचीच लांबची बहीण. हा झाला आदल्या दिवशीचा फुटकळ माल. आणि नाव? जर्मन शाळकरी पोरांचं एक वाह्यात गाणं होतं, सेलेबीस बेटावरच्या हत्तीच्या मागल्या बाजूला काहीतरी पिवळं चिकट लागलंय अशा अर्थाचं. हा झाला बालपणाचा माल. दोन्ही जागांचा माल एका आकारात मिसळला आणि वर युद्धातलं लोखंड चढलं. 'तोंड कोणतं आणि बूड कोणतं' हा चित्रातला गोंधळ त्या गाण्यातल्या 'मागल्या बाजूला'शी जोडून पाहा, शब्दातून चित्र कसं फुटतं ते कळेल. हे मी तुम्हाला सांगितलं म्हणून कळलं, हे मात्र विसरू नका. गाणं माहीत नसलेल्या माणसालाही हा प्राणी तितकाच घाबरवतो. उलगडा कळल्यावर भीती कमी होत नाही, मला तरी झाली नाही.

इथे रंगवण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. चित्रात काहीही चिकटवलेलं नाही, सगळं गुळगुळीत तैलरंगात, सावल्यांसह, शाळेच्या तक्त्यासारखं थंडपणे रंगवलंय. कुंचल्याचे जोशातले फटकारे असते तर आपण म्हणालो असतो, हा चित्रकाराचा भावनावेग आहे. स्वप्नात भावनावेग चित्राच्या पोतात नसतो. तिथे भयंकर गोष्ट भाजी निवडावी इतक्या सहज घडते.

विस्थापनासाठी 1924 चं एक चित्र घ्या, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयातलं. नावच आहे 'एका नाइटिंगेलने घाबरवलेली दोन मुलं', आणि ते चौकटीवर हाताने लिहिलंय. निळ्या आकाशात अगदी छोटासा पक्षी. खाली एक बाई सुरी घेऊन धावते आहे, दुसरी निपचित पडली आहे. छपरावरून एक माणूस मूल कडेवर घेऊन पळतोय आणि त्याचा हात चौकटीवर ठोकलेल्या खऱ्या लाकडी मुठीकडे लांबलाय. डावीकडे लाल फाटक, तेही खरं लाकडाचं, चित्रातून बाहेर, आपल्या खोलीत उघडलेलं. इतक्या इवल्या गाणाऱ्या पाखराला एवढं कोण घाबरेल? एर्न्स्टने याचं मूळ लहानपणच्या गोवराच्या तापात सांगितलंय: पलंगासमोरच्या महोगनीच्या नकली फळीवरच्या रेषांत त्याला कधी डोळा, कधी नाक, कधी पक्ष्याचं डोकं, कधी धमकावणारा नाइटिंगेल दिसू लागला होता. तापाची भीती फळीवर गेली, फळीवरून पाखरावर आली. आणि माणसाला सुटायचं आहे ते कुठे? चित्राबाहेर. दाराची मूठ आपल्या बाजूला आहे.

फळीवरच्या रेषा त्याने सोडल्या नाहीत. 10 ऑगस्ट 1925 ला पोर्निक या समुद्रकाठच्या गावी एका खाणावळीत, घासून घासून खोल गेलेल्या जमिनीच्या फळ्यांकडे बघत असताना त्याने त्यांवर कागद टाकले आणि वरून काळं शिसं घासलं. नाणं खाली ठेवून पेन्सिल फिरवायचो ना, तसंच. याला फ्रोताज म्हणतात. मोह असा होतो की हे स्वयंचलन झालं, मन मोकळं सुटलं. अर्धंच खरं. फळीचे ठसे आपोआप आले, पण कुठला ठसा ठेवायचा, कुठे थांबायचं आणि त्याला जंगल म्हणायचं की डोळा, हे एर्न्स्टने ठरवलं. या ठशांची चौतीस पानं पुढे छापून निघाली, त्यांत सर्वत्र ही निवड दिसते. नेणीव माल पुरवते, रचना जाणीवच करते.

हीच गोष्ट फ्रॉइडला खटकली. 19 जुलै 1938 ला लंडनमध्ये दाली त्याला भेटला, सोबत स्वतःचं 'नार्सिससचं रूपांतर' हे चित्र होतं. दुसऱ्या दिवशी फ्रॉइडने लेखक श्टेफान त्स्वाइगला लिहिलेल्या पत्रात कबूल केलं की आतापर्यंत आपण या लोकांना पुरते वेडे समजत होतो, पण या तरुण स्पॅनिश माणसाच्या निर्विवाद कौशल्यामुळे मत बदलावंसं वाटतं. कौशल्यामुळे, बरं का, नेणीवेमुळे नाही. आधी ब्रतोंने स्वप्नांच्या एका संग्रहासाठी मजकूर मागितला होता तेव्हाही त्याचं उत्तर सरळ होतं: स्वप्न पाहणाऱ्याला त्यावरून काय काय आठवतं आणि ते कुठल्या परिस्थितीत पडलं, हे कळल्याशिवाय नुसत्या स्वप्नांचा संग्रह मला काहीच सांगत नाही. त्याला छपरावरची होडी नको होती, होडीमागचं वाक्य हवं होतं. सरिअ‍ॅलिस्टांना वाक्य नको होतं.

म्हणून चित्रांतली प्रतीकं सोडवत बसू नका, हे मी विद्यार्थ्यांना कायम सांगते. सुरी म्हणजे अमुक, दार म्हणजे तमुक अशी यादी फ्रॉइडच्या नावाने फिरत असते. माग्रित हा सरिअ‍ॅलिस्ट चित्रकार तर मानसशास्त्रीय उलगड्यांवर चिडायचाच. एर्न्स्टच्या आयुष्यातल्या आठवणींवरून चित्र 'सोडवणाऱ्या' लेखांबद्दलही मी जरा सावध असते, कारण त्या आठवणी त्याने बऱ्याच नंतर, फ्रॉइड वाचून झाल्यावर लिहिल्या. गोवराची गोष्ट जरा जास्तच चपखल बसते, नाही का?

मग चांगलं आणि फसलेलं ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी तपासते. चित्राचा अर्थ एका वाक्यात सांगता आला आणि सांगितल्यावर चित्राची गरज उरली नाही, तर ते रूपक आहे. पिंजऱ्यातला मेंदू, मोबाइलच्या साखळीने बांधलेला माणूस: ही भाषणं आहेत, यांत स्वप्नाचं काम झालेलंच नाही, कारण 'सारखं' हा शब्द अजून शाबूत आहे. उलट, चित्रातली एक वस्तू काढून तिथे भलतीच ठेवली आणि काहीच फरक पडला नाही, तर ती नुसती खिचडी. 'सेलेबीस'मधल्या सोंडेच्या जागी छत्री लावून पाहा, अख्खा प्राणी कोसळतो.

करून बघायचं असेल तर महाग काही लागत नाही. रद्दीच्या दुकानातून शाळेचा जुना तक्ता आणा, प्राण्यांचा किंवा 'घरातील वस्तूं'चा, ज्यात छोट्या छोट्या चौकटी असतात. कापू नका, हे महत्त्वाचं. कात्री हातात आली की आपण वस्तू निवडू लागतो आणि निवड लगेच शहाणी होते. पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये किंचित काळा आणि पिवळा मिसळून तक्त्याच्या कागदासारखा मळकट रंग करा. निव्वळ पांढरा लावलात तर झाकलेली जागा ओरडून सांगते. पाणी कमी ठेवा, नाहीतर खालची शाई वर येते. अर्थाचा विचार न करता भराभर झाका. चार-पाच वस्तू उरल्या की थांबा. वाळू द्या. मग पट्टी घेऊन एकच जमीन आखा, सगळ्या वस्तूंच्या पायांखालून जाणारी. सगळ्यांना जमीन पुरत नाही, एखादी तरंगते. तिची सावली मात्र जमिनीवर पाडा.

मागच्या वर्षी एका मुलीने असा तक्ता केला. फळांचा होता. तिने आधी ठरवूनच आंबा, सुरी आणि बाळ एवढंच ठेवलं, बाळ दुसऱ्या तक्त्यातून कापून आणलं. 'स्त्रीभ्रूणहत्या' असं शीर्षकही दिलं. विषय गंभीर होता, काम नेटकं होतं, आणि भिंतीवर लावल्यावर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती चिडून उरलेल्या तक्त्यावर नुसताच रंग फासत बसली. संध्याकाळी पाहिलं तर एक सीताफळ, अर्धं कापलेलं पपनस आणि कोपऱ्यात तक्ता छापणाऱ्याचा शिक्का एवढंच उरलं होतं. खाली तिने गच्चीच्या फरशा आखल्या होत्या. सीताफळाची सावली पपनसाच्या आत पडत होती. 'हे काय आहे?' मी विचारलं. ती म्हणाली, 'माहीत नाही बाई, पण आमच्या जुन्या घराची गच्ची आहे. आणि कुणीतरी येणार आहे.'